टीमच्या 'झालं', 'बघतो', 'परवा' अशा तुटक मेसेजमधून मॅनेजरसाठी नीट स्टेटस अपडेट कसा तयार करायचा?

संध्याकाळचे सहा वाजलेत. टीमच्या ग्रुपवर दिवसभरात सात उत्तरं येऊन पडली आहेत. कुणी 'झालं' लिहिलंय, कुणी नुसतं 'कुलूप', आणि एकाने तर फक्त अंगठा दाखवलाय. साडेसहाला सरांना आजचा स्टेटस पाठवायचाय आणि ते काम तुमच्या गळ्यात आहे. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? एकतर ग्रुपचा स्क्रीनशॉट काढून तसाच पुढे ढकलतात, नाहीतर प्रत्येक उत्तराला 'सर, कृपया नोंद घ्यावी' अशी झालर लावून पाठवून देतात. दोन्हीमध्ये गडबड आहे. ती काय आणि नीट अपडेट कसा लिहायचा, ते आजच्या लेखात एका खऱ्याखुऱ्या वाटेल अशा दिवसाच्या उदाहरणावरून पाहू.

उदाहरण आयटी कंपनीचं घेत नाही, कारण ते सगळीकडे असतं. आपण घेऊया फायबर इंटरनेट पुरवणाऱ्या एका स्थानिक कंपनीची सांगलीतली फील्ड टीम. मी स्वतः अशा टीमचा कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय. तीन तंत्रज्ञ बाईकवर फिरतात, एक जण ऑफिसात बसून तक्रारी वाटतो, आणि रिपोर्टिंग मॅनेजर दुसऱ्या शहरात असतात. त्यांना इथलं काहीच दिसत नाही. तुम्ही जे लिहाल, तेवढंच त्यांना कळतं.

आजचे सात मेसेज

सकाळी दहाला ग्रुपवर सात तक्रारींची यादी टाकली होती. संध्याकाळपर्यंत आलेली उत्तरं अशी:

1. विश्रामबाग, घरगुती ग्राहक, नेट बंद. उत्तर: 'झालं'
2. गावभाग, दुकान, नेट बंद. उत्तर: 'कुलूप'
3. कुपवाड, कारखान्याचं ऑफिस, नेट बंद. उत्तर: 'फायबर कट. बघतो'
4. शंभर फुटी रस्ता, दवाखाना, स्पीड कमी. उत्तर: 'राउटर त्यांचाच खराब. सांगितलं त्यांना'
5. गणेशनगर, नवीन जोडणी. उत्तर: 'ओएनटी नाही. कालच सांगितलं होतं'
6. माधवनगर, नेट अधूनमधून जातं. उत्तर: 'परवा'
7. मिरज, नेट बंद. उत्तर: 👍

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओएनटी म्हणजे फायबरची तार घरात येऊन ज्या डब्यात जाते तो डबा. त्यापुढे वायफायचा राउटर लागतो, किंवा दोन्ही एकाच डब्यात असतात.

ही उत्तरं उद्धट आहेत असं वाटेल, पण तसं नाहीये. शिडीवर उभं राहून, एका हाताने टाइप करणारा माणूस 'झालं' एवढंच लिहिणार. आणि त्याच्या आणि तुमच्यामध्ये ते पुरतंही, कारण कुठली तक्रार, कुठला डबा, हे दोघांना ठाऊक असतं. मॅनेजरपर्यंत जाताना मात्र हा सगळा न बोललेला भाग गळून पडतो. अपडेट लिहिणं म्हणजे तो गळालेला भाग परत भरणं. भाषा नम्र करणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

आधी भाषेला हात लावू नका

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अशाच एका संध्याकाळी मिरजच्या एका तक्रारीवर असाच अंगठा आला होता. मी लिहिलं: 'मिरज येथील तक्रारीचे निराकरण झाले आहे.' वाक्य किती छान! दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाने थेट सरांनाच फोन केला, की काल दिवसभर कुणी आलंच नाही. तो अंगठा सकाळच्या यादीला होता. म्हणजे 'यादी वाचली' एवढाच त्याचा अर्थ. तंत्रज्ञ खोटं बोलला नव्हता. मीच अंदाज केला, आणि सुबक भाषेत लिहिल्यामुळे तो अंदाज बातमीसारखा दिसायला लागला.

गोष्ट इथेच आहे. तुटक मेसेज निदान तुटका दिसतो. वाचणाऱ्याला कळतं की यात काहीतरी राहिलंय. तोच मेसेज तुम्ही नीटनेटका केला, की राहिलेली जागा झाकली जाते. म्हणून आधी प्रत्येक उत्तर वाचून एकच गोष्ट ठरवायची: यातून मला खरंच काय कळलं, आणि मी मनानेच काय धरून चाललोय?

वरच्या यादीत हे करून बघूया.

'झालं' हा सगळ्यात फसवा शब्द. काय झालं? तार जोडली, की नेट सुरू झालं, की ग्राहकाने स्वतः चालवून बघितलं? फायबरच्या कामात हे तीन वेगळे टप्पे आहेत. तार जोडली तरी प्रकाश कमी पोचत असेल, तर नेट आज चालेल आणि पावसात पुन्हा जाईल. म्हणून तंत्रज्ञ पॉवर मीटर लावून रीडिंग घेतो. घरगुती जोडणीत ते साधारण -8 ते -27 डीबीएमच्या मध्ये असावं लागतं, आणि -27 च्या जवळ गेलं की समजायचं, काम काठावर आहे. आकडा आला की 'झालं' ला वजन येतं. आकडा नसेल तर किमान एवढं तरी विचारा, की डब्यावरचा लाल `LOS` दिवा विझला का. तो लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये.

'परवा' या शब्दाची गंमत तर आपल्या मराठीचीच आहे. होऊन गेलेला परवाही परवाच आणि येणारा परवाही परवाच. बोलताना 'गेलो' किंवा 'जाईन' मुळे कळतं, पण चॅटवर एकच शब्द आला की दोन्ही अर्थ उभे राहतात. परवा जाऊन आला, की परवा जाणार आहे? हिंदी बोलणारा सहकारी असेल तर तीच भानगड 'कल' ची. अपडेटमध्ये म्हणून काल, उद्या, परवा यातलं काहीच नको, सरळ तारीख लिहा.

'बघतो' मध्ये वेळ नाही आणि शब्दही नाही. म्हणजे वचन दिलेलं नाही. याचं 'काम प्रगतीपथावर असून लवकरच पूर्ण होईल' असं भाषांतर करायचा मोह होतो. पण 'लवकरच' हा शब्द त्या माणसाने वापरलेलाच नाही, तो तुम्ही त्याच्या तोंडी घातलात. उद्या सर त्याला विचारणार, 'लवकर म्हणजे कधी?' आणि तो तुमच्याकडे बघणार.

चौथ्या उत्तरात वेगळाच धोका आहे. 'राउटर त्यांचाच खराब' हे निदान आहे, आणि ते ग्राहकाच्या खिशाला लागणारं आहे. उद्या दवाखान्याचे डॉक्टर सरांना फोन करून म्हणाले, 'तुमचा माणूस आमच्यावर ढकलून गेला', तर सरांकडे उत्तर हवं. निदान कशावरून केलं, हे विचारल्याशिवाय ही ओळ पुढे जाता कामा नये.

परत विचारायचं कसं?

आता तुम्ही म्हणाल, सात जणांना सात प्रश्न विचारत बसलो तर साडेसहा इथेच वाजतील. तसं होत नाही, कारण प्रश्न असा विचारायचा की त्याचं उत्तरही तुटकच देता यावं. 'दादा, जरा सविस्तर सांगता का?' असं विचारलं तर उत्तर येणार नाही, आणि आलं तर रात्री येईल. त्याऐवजी त्याच मेसेजवर उजवीकडे स्वाइप करून रिप्लाय द्या, म्हणजे प्रश्न कुठल्या कामाचा ते वेगळं सांगावं लागत नाही, आणि लिहा:

'दादा, ग्राहकाने चालवून बघितलं ना? रीडिंग किती?'

उत्तर आलं: 'हो. 19'. बास. यातला 19 म्हणजे -19 डीबीएम, उत्तम रीडिंग. उणे चिन्ह कुणी टाइप करत नाही, ते तुम्ही लिहायचं.

'परवा' ला विचारलं: 'गेला होतात की 14 ला जाणार?' उत्तर: '14. ते गावाला गेलेत'. दवाखान्याबद्दल विचारलं: 'दादा, ओएनटीला थेट केबल लावून स्पीड किती आला? आणि त्यांच्या वायफायवर?' उत्तर: '94. वायफाय 18'. आता हे ठोस झालं. प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे, आणि 100 च्या लॅन पोर्टवर स्पीड टेस्टला साधारण 94-95 च दिसतात, कारण डेटाबरोबर जाणारी पाकिटांची वेष्टणंही त्याच 100 मध्ये मोजली जातात. म्हणजे आपल्या डब्यापर्यंत स्पीड पूर्ण येतोय आणि पुढे वायफायवर पडतोय.

कुपवाडला विचारलं: 'किती जण बंद? कशासाठी थांबलंय?' उत्तर: 'मशीन नाही. किती ते ऑफिसला दिसेल'. खरंच दिसतं. ऑफिसच्या स्क्रीनवर त्याच स्प्लिटरवरचे, म्हणजे एका तारेतून अनेक घरांना फाटे फोडणाऱ्या डबीवरचे, आणखी पाच ओएनटी सकाळी 9:40 पासून बंद होते. यादीत तक्रार एकच होती, पण ग्राहक सहा बंद होते. बाकीच्या पाच जणांनी अजून फोन केला नव्हता एवढंच. सरांच्या दृष्टीने आजची सगळ्यात मोठी बातमी ही आहे, आणि ती 'फायबर कट. बघतो' या तीन शब्दांत लपून बसली होती.

मिरजच्या अंगठ्यावर विचारलं: 'गेला होतात का आज?' उत्तर: 'नाही जमलं. कुपवाडलाच संध्याकाळ झाली'.

गावभागचं 'कुलूप' बरं होतं, फक्त पुढचं पाऊल हवं होतं. विचारलं, 'फोन लागला का? उद्या किती वाजता?' उत्तर: 'नाही लागला. साडेदहाला दुकान उघडतं'.

समजा एखादं उत्तर आलंच नाही, तर? तर तसंच लिहायचं: 'या कामाची खात्री अजून झालेली नाही, 5:50 ला विचारलं आहे, कळताच कळवतो.' ही ओळ लिहायला लाज वाटते, पण सर या ओळीवर कधी चिडत नाहीत. चिडतात ते दुसऱ्या दिवशी खोट्या ठरलेल्या ओळीवर.

टोमणा गाळायचा, तारीख ठेवायची

पाचव्या उत्तराकडे येऊ: 'ओएनटी नाही. कालच सांगितलं होतं'. यात राग आहे, आणि तो रास्तही असेल. पण ही ओळ सरांकडे तशीच गेली, तर वाद कुणी सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही यावर जाईल, डबा बाजूलाच राहील.

दुसरं टोक म्हणजे 'कालच सांगितलं होतं' हे पूर्ण गाळून 'ओएनटी उपलब्ध नाही' एवढंच लिहिणं. हे दिसायला सभ्य, पण तंत्रज्ञावर अन्याय करणारं. वाचणाऱ्याला वाटेल, याने आज दारात उभं राहिल्यावर डबा मागितला.

मधला मार्ग असा: रागामागे जी घटना आहे, ती शोधा. ग्रुपमध्ये वर जाऊन बघितलं, तर 11 तारखेला दुपारी 4:20 ला खरंच मेसेज होता: '2 ओएनटी लागतील उद्या'. मग लिहायचं, 'दोन ओएनटींची मागणी 11 तारखेला दुपारी 4:20 ला ग्रुपवर नोंदवली होती.' कुणावर बोट नाही, सूर शांत, आणि तंत्रज्ञाची बाजूही सांभाळली. मेसेज सापडला नसता, तर ही ओळ लिहायची नाही, त्याला फोन करून विचारायचं की कुणाला सांगितलं होतं.

मिरजचंही असंच. 'टेक ३ गेला नाही' असं लिहिलं तर ते खरं आहे, पण अर्धं. तो कुपवाडला तुटलेली जागा शोधत होता. 'कुपवाडच्या कामामुळे आज भेट झाली नाही' हे पूर्ण खरं. मात्र कारण खरं असेल तरच लिहा. कुणाला वाचवायला म्हणून कारण बनवू नका, कारण बाईकचं जीपीएस सरांनाही दिसतं!

आता अपडेट लिहूया

क्रम ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सर हे फोनवर वाचणार आहेत. आधी नोटिफिकेशनमध्ये पहिली एक-दोन वाक्यं दिसतात, आणि मेसेज फार लांब असेल तर व्हॉट्सअ‍ॅप खालचा भाग `Read more` मागे लपवतं. त्यामुळे यादीचा सकाळचा क्रम इथे विसरा. सगळ्यात वर एकूण हिशोब आणि सरांकडून काय हवंय ते. पूर्ण झालेलं काम खाली. आपल्याला सवय उलटी असते, आधी चांगली बातमी सांगायची आणि अडचण शेवटी हळूच सरकवायची. शाळेत प्रगतिपुस्तक दाखवतानाही आपण हेच करायचो.

वरच्या सातांचा तयार अपडेट असा:

> गुरुवार, 12 जून, सायंकाळी 6:30 पर्यंत
>
> सर, नमस्कार. आजच्या 7 तक्रारींपैकी 1 पूर्ण झाली, 1 आपल्या बाजूने पूर्ण आहे, 5 शिल्लक आहेत. त्यातल्या दोन ठिकाणी तुमची मदत हवी आहे.
>
> तुमची मदत हवी
>
> 1. कुपवाड: केबल तुटल्यामुळे सकाळी 9:40 पासून 6 ग्राहक बंद आहेत (तक्रार एकाचीच आली आहे). तुटलेली जागा सापडली आहे. स्प्लायसिंग मशीन आज मिरजच्या दुसऱ्या टीमकडे आहे. ते रात्री 8 पर्यंत मिळालं तर आजच जोडता येईल, नाहीतर उद्या 13 तारखेला सकाळी 11 ला काम सुरू होईल. मशीनसाठी त्या टीमशी तुम्ही बोलू शकाल का?
>
> 2. गणेशनगर, नवीन जोडणी: ओएनटी शिल्लक नाही. दोन नगांची मागणी 11 तारखेला दुपारी 4:20 ला ग्रुपवर नोंदवली होती. 13 तारखेला दुपारपर्यंत मिळाल्यास जोडणी त्याच दिवशी होईल. स्टोअरला कळवता येईल का?
>
> पुढे गेलेली कामं
>
> 3. मिरज: कुपवाडच्या कामामुळे आज भेट झाली नाही. 13 तारखेला सकाळी 9:30 ला पहिली भेट इथेच आहे. ग्राहकाला 6:10 ला फोन करून सांगितलं आहे.
>
> 4. गावभाग: दुकान बंद होतं, फोन लागला नाही. 13 तारखेला 10:30 ला पुन्हा जाणार.
>
> 5. माधवनगर: ग्राहक गावाला गेले आहेत. भेट 14 तारखेला.
>
> पूर्ण
>
> 6. विश्रामबाग: नेट सुरू, रीडिंग -19 डीबीएम, ग्राहकाने चालवून बघितलं.
>
> 7. शंभर फुटी रस्ता, दवाखाना: ओएनटीवर थेट 94 एमबीपीएस येतो, ग्राहकाच्या स्वतःच्या वायफायवर 18. राउटर तपासून घ्यायला त्यांना सांगितलं आहे. त्यांच्याकडून खात्री झाली की तक्रार बंद करतो.

बघा, यात 'कृपया' एकदाही नाही, 'क्षमस्व' नाही, आणि तरी कुठेही उद्धटपणा वाटत नाही. दोन गोष्टी ग्रुपवर कुणीच लिहिल्या नव्हत्या, त्या कोऑर्डिनेटरने स्वतः केल्या: सहा ग्राहकांचा आकडा स्क्रीनवरून काढला, आणि मिरजच्या ग्राहकाला अपडेट पाठवायच्या आधीच फोन केला. दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण आता तो ग्राहक सरांना फोन करण्याची शक्यता कमी झाली, आणि केलाच तरी सरांना आधीच माहीत आहे.

अजून एक बारीक गोष्ट. दवाखान्याचं काम 'पूर्ण' खाली आहे, पण वरच्या हिशोबात त्याला 'आपल्या बाजूने पूर्ण' असं वेगळं मोजलंय. '2 पूर्ण' लिहिलं असतं तर आकडा बरा दिसला असता. पण डॉक्टरांनी नवीन राउटर लावूनही स्पीड आला नाही, तर ती तक्रार परत उघडणार, आणि मग पूर्ण झालेलं काम अपूर्ण कसं झालं हे समजावत बसावं लागतं.

नम्रपणा नक्की कुठे असतो?

मराठीत नम्र लिहायचं म्हटलं की आपला हात कर्मणी वाक्याकडे जातो: 'कार्यवाही करण्यात येत आहे', 'सदर बाब तपासली जात आहे'. हे सरकारी पत्रात शोभतं. अपडेटमध्ये ते घातक, कारण यात करणारा माणूसच गायब होतो. कोण तपासतंय? कधीपासून? 'उद्या 10:30 ला पुन्हा जाणार' हे जास्त साधं, आणि माझ्या मते जास्त आदराचंही, कारण सरांना परत विचारावं लागत नाही.

विनंती मात्र प्रश्नाच्या रूपात ठेवा. 'मशीन पाठवा' ऐवजी 'मशीनसाठी बोलू शकाल का?' हा फरक आपल्याकडे लगेच जाणवतो. 'सर' एकदा सुरुवातीला आलं की पुरे, प्रत्येक ओळीला नको. आणि उशिराबद्दल माफी मागायचीच असेल तर जिथे चूक आपली आहे तिथे एकदा मागा. जेसीबीने केबल तोडली याची माफी तुम्ही मागायची गरज नाही.

मॅनेजर दुसऱ्या राज्यातले किंवा परदेशातले असतील आणि अपडेट इंग्रजीत जात असेल, तर दोन शब्द सांभाळा. `revert` हा शब्द आपण 'उत्तर देतो' या अर्थाने वापरतो, पण सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत त्याचा अर्थ केलेला बदल मागे घेणं असा होतो. 'संध्याकाळी रिव्हर्ट करतो' वाचून समोरचा घाबरू शकतो. दुसरा शब्द `EOD`. दिवस कुणाचा संपणार? उन्हाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. म्हणून वेळ आणि पुढे `IST` लिहा.

फोनवर हे पटकन कसं करायचं?

दिवसभर ग्रुप वाहत असतो, त्यामुळे उत्तरं शोधण्यातच वेळ जातो. सोपा उपाय म्हणजे कामाचं उत्तर आलं की तो मेसेज दाबून धरायचा आणि वरच्या ताऱ्यावर टॅप करायचं. संध्याकाळी `Starred` मध्ये सगळी उत्तरं एकत्र मिळतात. अपडेट गेला की तारे काढून टाका, नाहीतर उद्या कालची उत्तरं मिसळतील.

महिनाअखेरीला जुनी नोंद हवी असेल तर ग्रुपच्या तीन ठिपक्यांतून `More`, मग `Export chat`, मग `Without media` केलं की साधी टेक्स्ट फाइल मिळते. ग्रुपमध्ये `Advanced chat privacy` चालू असेल तर हे होत नाही. ती फाइल सरांना पाठवायची नाही हं, तुमच्या शोधासाठीच वापरायची. त्यात ग्राहकांचे नंबर असतात आणि टीमच्या आपसातल्या गप्पाही. त्याच कारणासाठी स्क्रीनशॉटही नको.

रोज तेच मथळे टाइप करायचा कंटाळा येत असेल तर जीबोर्डमध्ये `Settings`, `Dictionary`, `Personal dictionary` इथे जाऊन 'तुमची मदत हवी' याला एखादा छोटा शॉर्टकट देऊन ठेवा. तो टाइप केला की वरच्या पट्टीत पूर्ण शब्द येतो. जीबोर्डच्या क्लिपबोर्डवर मात्र फार विसंबू नका. तिथे कॉपी केलेला मजकूर पिन केला नाही तर तासाभराने निघून जातो.

व्हॉट्सअ‍ॅपवर मथळा ठळक करायला दोन्ही बाजूंना एकेक तारा द्यायचा आणि यादीसाठी आकडा, टिंब, मग जागा:

```
*तुमची मदत हवी*
1. कुपवाड: ...
2. गणेशनगर: ...
```

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

*उत्तर व्हॉइस नोटमध्ये आलं तर?* ऐका आणि तुम्ही समजलात ते एका ओळीत त्याच नोटला रिप्लाय म्हणून लिहा: 'दादा, म्हणजे मशीन 8 ला मिळालं तर आजच होईल, बरोबर?' त्याचा 'हो' आला की तीच ओळ अपडेटमध्ये टाका. बाईक चालवताना रेकॉर्ड केलेल्या नोटमध्ये 'आठ' आणि 'साठ' सारखेच ऐकू येतात.

*पाठवल्यावर कळलं की एक ओळ चुकली, मग?* पाठवून 15 मिनिटं झाली नसतील तर मेसेज एडिट करता येतो. पण सरांनी वाचला असेल तर गुपचूप एडिट करू नका, त्यांच्या डोक्यात जुनाच आकडा राहतो. नवीन मेसेज टाका आणि जुनं काय, नवं काय, दोन्ही लिहा: 'सर, दुरुस्ती: कुपवाडला 6 नाही, 7 ग्राहक बंद आहेत. सातव्याची तक्रार 6:45 ला आली. बाकी सगळं तसंच आहे.'